कुठला माल किती विक्री आणतो: एक्सेलमध्ये रनिंग टोटल, क्युम्युलेटिव्ह टक्के आणि पॅरेटो

दुकान असो, घरगुती धंदा असो नाहीतर छोटी डिस्ट्रिब्युटरशिप, महिन्याच्या विक्रीची शीट समोर आली की पहिला प्रश्न एकच असतो, यातली नेमकी किती प्रॉडक्ट्स खरा धंदा देतायत आणि बाकीची नुसती शेल्फ भरून बसलीत. याचं उत्तर दोन कॉलममध्ये मिळतं, एक रनिंग टोटल म्हणजे वरून खाली जमवत नेलेली बेरीज, आणि दुसरा त्याच बेरजेचे एकूण विक्रीशी टक्के. हे दोन कॉलम आणि त्यावरचा चार्ट मिळून जे चित्र तयार होतं त्याला पॅरेटो म्हणतात. विल्फ्रेडो पॅरेटो हा इटालियन अर्थतज्ज्ञ, त्याने जमिनीची आणि उत्पन्नाची वाटणी किती थोड्या लोकांकडे एकवटलेली असते ते मांडलं होतं, आणि पुढे जोसेफ जुरान या क्वालिटीवाल्या माणसाने तीच कल्पना कारखान्यातल्या दोषांना लावली आणि तिला पॅरेटोचं नाव दिलं. आपण ती फरसाणाच्या दुकानाला लावू.

समजा एक फरसाणाचं दुकान आहे, बारा प्रॉडक्ट्स, जून महिना, एकूण विक्री ४,००,००० रुपये. आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतलेत, तुमच्याकडे बारा असोत की बाराशे, पद्धत तीच. सगळं एक्सेलमध्ये करतोय, पण खालचे फॉर्म्युले गुगल शीट्समध्ये पण जसेच्या तसे चालतात.

आधी कच्चा डेटा बघा, फॉर्म्युल्याला हात लावू नका

बिलिंग सॉफ्टवेअरमधून जी फाइल निघते त्यात साधारण तारीख, बिल नंबर, प्रॉडक्टचं नाव, वजन किंवा नग आणि रक्कम असे कॉलम असतात, एकेका बिलाच्या एकेका आयटमची एक ओळ. पॅरेटो चुकतो तो बहुतेक वेळा इथेच चुकतो, पुढच्या फॉर्म्युल्यांमध्ये नाही, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

पहिली गोष्ट रकमेचा कॉलम. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये कधीकधी आकडे आकडे नसतात, टेक्स्ट असतात, कारण पुढे रुपयाचं चिन्ह चिकटलेलं असतं किंवा शेवटी एखादी स्पेस असते. दिसायला एकदम आकड्यासारखे दिसतात, फक्त सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेले असतात, खरा आकडा उजवीकडे जातो. आणि `SUM` अशा टेक्स्टला गुपचूप सोडून देतो, एरर वगैरे काही देत नाही, त्यामुळे टोटल कमी येते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. तपासायचं असं, रकमेचा कॉलम E असेल आणि डेटा ९०० ओळींपर्यंत असेल तर दोन रिकाम्या सेलमध्ये हे लिहा:

```
=COUNT(E2:E900)
=COUNTA(E2:E900)
```

पहिला फक्त आकडे मोजतो, दुसरा जे काही भरलेलं आहे ते सगळं मोजतो. दोन्ही उत्तरं सारखी आली तर ठीक, नाहीतर जितका फरक तितके आकडे टेक्स्ट होऊन बसलेत. मग तो कॉलम सिलेक्ट करून Find & Replace ने रुपयाचं चिन्ह आणि स्पेस काढून टाका, बहुतेक आकडे तिथेच सुधारतात.

दुसरी गोष्ट प्रॉडक्टची नावं, आणि ही जास्त त्रासदायक आहे. बाकरवडीचंच घ्या. काउंटरवर दोन जण बसत असतील तर एक जण बाकरवडी टाइप करतो, दुसरा भाकरवडी, आणि दोन्ही बरोबरच आहेत, लोक दोन्ही म्हणतात. पण एक्सेलसाठी ती दोन वेगळी प्रॉडक्ट्स. आपल्या उदाहरणात बाकरवडीची खरी विक्री ७८,००० आहे आणि ती दोन नंबरला आहे, पण समजा त्यातले ५०,००० एका नावावर आणि २८,००० दुसऱ्या नावावर पडले तर? चकली ६०,००० ची आहे, ती वर चढून दोन नंबरला जाते, बाकरवडी तीनवर येते आणि भाकरवडी खाली सहाव्या नंबरला शंकरपाळ्यांच्या वर जाऊन बसते. आणि वाईट म्हणजे एकूण टोटल ४,००,००० च राहते, त्यामुळे टोटल जुळवून बघणाऱ्याला ही चूक दिसणारच नाही. ती दिसते फक्त प्रॉडक्ट्सची संख्या मोजली तर, दुकानात बारा आणि यादीत तेरा.

नावाच्या मागे राहिलेली स्पेस हा याचाच भाऊ, ती `TRIM` ने जाते. पण देवनागरीत टाइप करणाऱ्यांसाठी अजून एक आहे जे सहसा कुणी सांगत नाही. "कडक पुऱ्या" हे नाव घ्या. यातला तो अर्धा र काही कीबोर्ड एका पद्धतीने टाइप करतात आणि काही दुसऱ्या पद्धतीने, मध्ये एक न दिसणारं जोडणारं चिन्ह टाकून, आणि स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. डोळ्याने कितीही बघा, फरक कळणार नाही. `LEN` लावला की कळतो, "पुऱ्या" या एका शब्दाची लांबी एका पद्धतीत ६ येते आणि दुसऱ्या पद्धतीत ७. तेव्हा यादीत तेच नाव दोनदा दिसत असेल आणि `TRIM` करूनही एक होत नसेल तर वेड लागायच्या आधी `LEN` लावून बघा, आणि मग एक नाव कॉपी करून सगळीकडे तेच पेस्ट करा, परत टाइप करू नका.

माझं स्पष्ट मत असं की बिलिंगमध्ये नाव टाइपच करू द्यायचं नाही, आयटम कोड द्या नाहीतर यादीतून निवडायला लावा. पण जुना डेटा साफ करावाच लागतो, त्याला इलाज नाही.

इथेच अजून एक ठरवून घ्या, की प्रॉडक्ट म्हणजे काय. चिवड्याचं पाव किलोचं, अर्ध्या किलोचं आणि एक किलोचं पाकीट हे एक प्रॉडक्ट की तीन? दोन्ही चालतं, पण सगळ्यांना एकच नियम लावा. चिवडा तीन ओळीत आणि शेव एका ओळीत असं असेल तर चिवडा विनाकारण खाली जातो. मी इथे पाकिटं एकत्र धरलीत, कारण प्रश्न काय बनवायचं हा आहे. पॅकिंगचं मटेरियल किती मागवायचं हा प्रश्न असता तर पाकिटं वेगळी धरली असती. आणि मोजमाप रुपयात ठेवा, किलो आणि नग एकत्र बेरजेत घेता येत नाहीत. रक्कम जीएसटी धरून की वगळून तेही एकदाच ठरवा, अर्धा डेटा असा आणि अर्धा तसा नको.

प्रॉडक्टप्रमाणे बेरीज आणि उतरता क्रम

डेटामध्ये कुठेही क्लिक करा, Insert मधून PivotTable घ्या, प्रॉडक्टचं नाव Rows मध्ये टाका आणि रक्कम Values मध्ये. तिथे Sum of रक्कम असं दिसलं पाहिजे. Count of रक्कम दिसत असेल तर समजा की वरचा टेक्स्टवाला प्रॉब्लेम अजून शिल्लक आहे नाहीतर कॉलममध्ये रिकाम्या सेल आहेत, नुसतं Count चं Sum करून पुढे जाऊ नका, आधी कारण शोधा.

मग बेरजेच्या कॉलममधल्या कुठल्याही आकड्यावर राइट क्लिक, Sort, Sort Largest to Smallest. पॅरेटोमध्ये हा क्रमच सगळं आहे. रनिंग टोटल कुठल्याही क्रमाने काढता येते, शेवटची बेरीज तीच येते, पण "वरची इतकी प्रॉडक्ट्स मिळून इतके टक्के" हे वाक्य फक्त मोठ्याकडून छोट्याकडे लावलेल्या यादीतच खरं असतं.

आता ती पिव्होटमधली यादी कॉपी करून नव्या शीटवर Paste Special मधून Values म्हणून पेस्ट करा, A मध्ये नाव आणि B मध्ये रक्कम, पहिली ओळ हेडिंगची. पिव्होटच्या शेजारीच फॉर्म्युले लिहायला गेलं की सेलवर क्लिक केल्याबरोबर एक्सेल `GETPIVOTDATA` नावाचा लांबलचक फॉर्म्युला घालतो आणि तो खाली ओढला तरी प्रत्येक ओळीत तेच उत्तर देतो, नवीन माणूस तिथेच अडकतो.

कॉपी करताना एक काळजी घ्या, सगळ्यात खालची Grand Total ची ओळ घेऊ नका. ती चुकून आली आणि नंतर तुम्ही यादी परत सॉर्ट केली तर ४,००,००० चा Grand Total सगळ्यात वर जाऊन बसतो, जणू तेच सगळ्यात जास्त खपणारं प्रॉडक्ट आहे, आणि एकूण बेरीज होते ८,००,०००. ओळखायची खूण अगदी सोपी, पहिल्याच ओळीत बरोबर ५०% दिसतात.

रनिंग टोटल

C2 मध्ये हे लिहा आणि खाली C13 पर्यंत ओढा:

```
=SUM($B$2:B2)
```

यातलं `$B$2` जागेवर खिळलेलं राहतं आणि दुसरं `B2` ओढताना B3, B4 असं सरकत जातं, त्यामुळे रेंज वरून चालू होते आणि प्रत्येक ओळीत एकेक सेलने लांब होते. तिसऱ्या प्रॉडक्टच्या ओळीत `=SUM($B$2:B4)` असेल, म्हणजे पहिल्या तिघांची बेरीज, ९६,००० अधिक ७८,००० अधिक ६०,०००, झाले २,३४,०००. डॉलर विसरलात तर दोन्ही टोकं सरकतात आणि C कॉलम हुबेहूब B सारखाच दिसतो, तसं दिसलं तर डॉलर बघा.

बरेच जण दुसरी पद्धत वापरतात, पहिल्या ओळीत `=B2` आणि त्याखाली `=C2+B3`, म्हणजे वरची बेरीज अधिक चालू ओळ. उत्तर तेच येतं आणि वाचायला पण सोपं, पण यादी परत सॉर्ट केली की ती मोडते. पहिल्या ओळीचा फॉर्म्युला त्या प्रॉडक्टबरोबर खाली जातो आणि तिथून बेरीज नव्याने चालू होते, आणि जो फॉर्म्युला वर पहिल्या जागी येतो तो हेडिंगच्या सेलमध्ये आकडा मिळवायला जातो आणि `#VALUE!` देतो. `SUM($B$2:B2)` ला असं काही होत नाही, कितीही वेळा सॉर्ट करा. हजारो ओळी असतील तर तो थोडा हळू चालतो हे खरं, कारण प्रत्येक ओळ वरपासून सगळी बेरीज परत करते, पण प्रॉडक्टच्या यादीत ते जाणवत नाही.

क्युम्युलेटिव्ह टक्के

एकूण बेरीज एका वेगळ्या सेलमध्ये ठेवा, म्हणजे फॉर्म्युले छोटे राहतात. H1 मध्ये `=SUM(B2:B13)` आणि मग D2 मध्ये:

```
=C2/$H$1
```

खाली ओढा आणि कॉलमला टक्क्यांचं फॉर्मॅट द्या. शंभरने गुणू नका, फॉर्मॅटच ते काम करतं, दोन्ही केलं तर २४ टक्क्यांचे २४०० टक्के होतात. इथेही डॉलर महत्त्वाचे. कुणी H1 न वापरता थेट `=C2/SUM(B2:B13)` असं डॉलरशिवाय लिहिलं तर खालची बेरीज प्रत्येक ओळीत एकेक प्रॉडक्ट गाळत जाते, दुसऱ्याच ओळीत ४३.५ च्या जागी ५७ च्या वर टक्के येतात आणि शेवटच्या ओळीत ४,००,००० भागिले ५,००० होऊन ८०००% दिसतात. शेवटचा आकडा इतका वेडावाकडा असतो की चूक लपत नाही, पण मधल्या ओळी बघून कुणी निर्णय घेतला तर फसतो.

सगळं नीट झालं की शीट अशी दिसते:

| प्रॉडक्ट | विक्री | रनिंग टोटल | क्युम्युलेटिव्ह टक्के |
|---|---|---|---|
| मिक्स फरसाण | ९६,००० | ९६,००० | २४.००% |
| बाकरवडी | ७८,००० | १,७४,००० | ४३.५०% |
| चकली | ६०,००० | २,३४,००० | ५८.५०% |
| शेव | ४२,००० | २,७६,००० | ६९.००% |
| चिवडा | ३४,००० | ३,१०,००० | ७७.५०% |
| शंकरपाळी | २४,००० | ३,३४,००० | ८३.५०% |
| लसूण शेव | १८,००० | ३,५२,००० | ८८.००% |
| कडबोळी | १३,००० | ३,६५,००० | ९१.२५% |
| केळा वेफर्स | १३,००० | ३,७८,००० | ९४.५०% |
| खारी बुंदी | १०,००० | ३,८८,००० | ९७.००% |
| कडक पुऱ्या | ७,००० | ३,९५,००० | ९८.७५% |
| अनारसे | ५,००० | ४,००,००० | १००.००% |

आता दोन तपासण्या, दोन्ही नजरेने होतात. शेवटची ओळ बरोबर १००% असली पाहिजे आणि शेवटची रनिंग टोटल बिलिंग सॉफ्टवेअरच्या महिन्याच्या रिपोर्टशी जुळली पाहिजे. आणि दुसरं, टक्क्यांच्या उड्या खाली जाताना लहान होत गेल्या पाहिजेत किंवा सारख्या राहिल्या पाहिजेत, इथे बघा २४, मग १९.५, मग १५, मग १०.५ असं. मध्येच एखादी उडी आधीच्यापेक्षा मोठी आली तर यादी उतरत्या क्रमाने नाही, बास, दुसरं काही कारण असूच शकत नाही.

एक अपवाद आहे ज्याने लोक गोंधळतात, तो म्हणजे माल परत येणं. समजा उपवासाचा चिवडा मागच्या सीझनला दुसऱ्या दुकानांना दिला होता आणि जूनमध्ये त्यातला ६,००० चा परत आला, नवीन विक्री काही नाही, तर त्याची जूनची विक्री उणे ६,००० दिसते. एकूण टोटल होते ३,९४,००० पण रनिंग टोटल मात्र आधी ४,००,००० पर्यंत चढते, म्हणजे टक्के १०१.५ पर्यंत जातात आणि शेवटच्या ओळीत परत १०० वर येतात. फॉर्म्युला चुकलेला नसतो, उणे विक्रीवाली ओळ पॅरेटोत बसत नाही एवढंच. ती यादीतून काढून खाली वेगळी लिहा आणि टोटल उरलेल्या प्रॉडक्ट्सवर घ्या. शून्यावर गुपचूप आणून ठेवू नका, परत आलेला माल हा वेगळा आणि महत्त्वाचा आकडा आहे, तो दिसला पाहिजे.

पिव्होटमध्ये हे सगळं फॉर्म्युल्याशिवाय पण होतं हेही सांगून ठेवतो. रक्कम Values मध्ये दुसऱ्यांदा टाका, त्यावर राइट क्लिक, Show Values As, आणि % Running Total In निवडून Base Field मध्ये प्रॉडक्ट द्या. झटपट बघायला मस्त आहे. पण पुढची वर्गवारी पिव्होटमध्ये धड होत नाही, म्हणून मी हाताने लिहिलेले कॉलमच पसंत करतो.

८० टक्क्यांची रेघ नक्की कुठे मारायची

आता A, B, C असे गट करायचे. साधारण रिवाज असा की ८०% पर्यंतची प्रॉडक्ट्स A, त्यापुढे ९५% पर्यंत B, उरलेली C. हे आकडे कुणी कायद्यात लिहिलेले नाहीत, तुम्ही ७० आणि ९० पण घेऊ शकता. पण खरी मेख "पर्यंत" मध्ये आहे. टेबलात बघा, चिवड्यापाशी आपण ७७.५ वर आहोत आणि शंकरपाळी आली की थेट ८३.५, म्हणजे ८० ची रेघ शंकरपाळ्याच्या मधूनच जाते. मग शंकरपाळी A की B?

बहुतेक जण `D2<=80%` अशी अट लिहितात, त्यात शंकरपाळी B मध्ये जाते आणि A गटाची विक्री भरते ७७.५%, म्हणजे ८० गाठलेच नाहीत. याचा वाईट परिणाम दुसऱ्या टोकाला दिसतो, समजा एखाद्या दुकानाचं एकच प्रॉडक्ट ८५% विक्री देतंय, तर या अटीने ते सगळ्यात मोठं प्रॉडक्टच B मध्ये पडतं आणि A गट रिकामा राहतो, जे उघडउघड चूक आहे. म्हणून अट चालू ओळीच्या टक्क्यांवर नको, चालू ओळीच्या आधीपर्यंत किती झालं होतं त्यावर लावा. आधीची बेरीज म्हणजे रनिंग टोटल वजा त्या ओळीची स्वतःची विक्री. E2 मध्ये:

```
=IF((C2-B2)/$H$1<80%,"A",
 IF((C2-B2)/$H$1<95%,"B","C"))
```

वाचायचं असं, या प्रॉडक्टच्या आधी ८०% भरले नव्हते ना, मग हेही A मध्ये पाहिजे. शंकरपाळ्याच्या आधी ७७.५ होते म्हणून ती A. लसूण शेवेच्या आधी ८३.५, म्हणून B. खारी बुंदीच्या आधी ९४.५, ९५ च्या खाली, म्हणून तीही B, आणि शेवटी कडक पुऱ्या आणि अनारसे C. म्हणजे A मध्ये सहा, B मध्ये चार, C मध्ये दोन.

आता हे नीट बघा, बारापैकी सहा म्हणजे निम्मी प्रॉडक्ट्स ८३.५% विक्री देतायत. वरची दोन, जी साधारण २० टक्क्यांच्या जवळ जातात, ती फक्त ४३.५% देतात. म्हणजे ते जे ८०-२० ऐकलेलं असतं ते इथे नाही, आणि ते असलंच पाहिजे असं काही नाही. ८० आणि २० हे दोन वेगळ्या गोष्टींचे टक्के आहेत, एक विक्रीचे आणि एक प्रॉडक्ट्सच्या संख्येचे, त्यांची बेरीज शंभर येते हा योगायोग आहे. यादी लांब असेल, शेकडो आयटमची, तर शेपूट मोठं होतं आणि आकडे ८०-२० च्या जवळ जाताना दिसतात, बारा प्रॉडक्टच्या निवडक यादीत तसं कमीच होतं. तुमचा आकडा जो येईल तो तसाच लिहा, ८०-२० मध्ये बसवायला रेघ सरकवू नका.

यादी सॉर्ट करता येत नसेल तर

कधीकधी शीट दरपत्रकाच्या क्रमातच ठेवावी लागते आणि तरी क्युम्युलेटिव्ह पाहिजे असतं. तेव्हा लोक हा फॉर्म्युला वापरतात, म्हणजे माझ्याएवढी किंवा माझ्यापेक्षा जास्त विक्री असलेल्या सगळ्यांची बेरीज:

```
=SUMIF($B$2:$B$13,">="&B2)
```

छान चालतो, फक्त दोन प्रॉडक्ट्सची विक्री एकदम सारखी आली की फसतो. आपल्याकडे कडबोळी आणि केळा वेफर्स दोन्ही १३,००० आहेत, मग दोघांच्याही ओळीत ३,७८,००० येतात आणि ३,६५,००० कुठेच दिसत नाही. टक्के दोघांचे ९४.५, ९१.२५ गायब. आणि वरचा A, B, C वाला फॉर्म्युला यातून स्वतःची विक्री वजा करतो, त्यामुळे दोघांसाठी आधीची बेरीज ३,६५,००० धरली जाते. इथे गट बदलत नाही, पण हीच जोडी रेघेवर आली असती तर बदलला असता. उपाय असा की मोठ्यांची बेरीज वेगळी घ्या आणि सारख्यांची फक्त या ओळीपर्यंतची घ्या:

```
=SUMIF($B$2:$B$13,">"&B2)+SUMIF($B$2:B2,B2)
```

आता यादीत जो आधी आहे त्याला ३,६५,००० आणि नंतरच्याला ३,७८,०००. सारख्या विक्रीत कोण आधी हे मनमानीच आहे, त्यामुळे अशी जोडी नेमकी रेघेवर आली तर दोन्ही एकाच गटात ठेवा.

चार्ट

एक्सेल २०१६ पासून Insert मध्ये तयार Pareto चार्ट मिळतो, तो स्वतःच सॉर्ट करतो आणि रेघ काढतो, पण आपण काढलेला D कॉलम तो वापरत नाही. मी हाताने करायला सांगेन. A आणि B सिलेक्ट करा, Ctrl दाबून D पण, मग Insert, Recommended Charts, All Charts मध्ये खाली Combo. विक्रीला Clustered Column, टक्क्यांना Line, आणि टक्क्यांपुढच्या Secondary Axis वर टिक. ती टिक करायची राहून गेली तर टक्क्यांची रेघ तळाशी चिकटलेली दिसते, कारण ०.२४ हा आकडा ९६,००० च्या शेजारी काहीच नाही.

मग दोन्ही अक्ष हाताने बांधा, इथे बहुतेक चार्ट बिघडतात. उजवीकडच्या अक्षावर डबल क्लिक करून Maximum १ करा, नाहीतर एक्सेल तो १२०% पर्यंत नेऊ शकतो, ज्याला काही अर्थ नाही. आणि डावीकडच्या अक्षाचं Maximum एकूण विक्रीएवढं, म्हणजे ४०००००, दोन्हीचं Minimum शून्य. आता दोन्ही बाजूंची उंची एकच गोष्ट सांगते, डावीकडचे ४,००,००० म्हणजे उजवीकडचे १००%. बरोबर झालंय का बघायचं असेल तर रेघेचा पहिला बिंदू पहिल्या खांबाच्या डोक्यावर टेकलाय का बघा, मिक्स फरसाणाचा खांब ९६,००० आणि रेघ २४%, दोन्ही एकाच उंचीवर. टेकत नसेल तर एखादा अक्ष अजून एक्सेलच्या मनाने चाललाय. खांब थोडे बुटके दिसतात, दिसू द्या, डावा अक्ष मोकळा सोडला की खांब उंच आणि भारी दिसतात पण रेघेशी त्यांचा संबंध तुटतो.

गट मिळाल्यावर

A गटातला माल संपता कामा नये, त्याचा स्टॉक जास्त वेळा मोजा, कच्चा माल आधी मागवा, एवढं तर सरळ आहे. C गटाबद्दल मात्र घाई नको. अनारसे जूनमध्ये ५,००० चे विकले गेले म्हणून यादीतून काढून टाकले तर दिवाळीत गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल आणि जाताना चकली पण तिकडूनच घेईल. एका महिन्याचा पॅरेटो त्या महिन्याबद्दलच बोलतो, प्रॉडक्ट बंद करायचा निर्णय असेल तर बारा महिन्यांचा डेटा घेऊन परत करा.

आणि विक्री म्हणजे नफा नाही. B कॉलममध्ये विक्रीच्या जागी विक्री वजा खर्च टाकून हीच शीट दुसऱ्यांदा चालवा, परत सॉर्ट करून. लसूण शेव विक्रीत सातवी आहे पण मार्जिन चांगलं असेल तर नफ्याच्या यादीत बरीच वर सरकू शकते. दोन्ही याद्यांमध्ये वर असलेलं प्रॉडक्ट कुठल्याही शंकेशिवाय A, आणि ज्यांची जागा दोन याद्यांत खूप वेगळी आहे त्यांचे दर आणि खर्च बसून बघायचे.

पुढच्या महिन्यात नवीन शीट करा आणि F कॉलममध्ये मागच्या महिन्याचा गट आणा, जुनी शीट जून नावाची असेल तर:

```
=VLOOKUP(A2,'जून'!$A$2:$E$13,5,FALSE)
```

आता E आणि F शेजारी शेजारी वाचा, जिथे अक्षर बदललंय तीच प्रॉडक्ट्स बघायची, बाकीच्यांना वेळ घालवायची गरज नाही. आणि कुठे `#N/A` आलं तर ते प्रॉडक्ट खरंच नवीन आहे का ते आधी बघा, नसेल तर कुणीतरी नाव परत वेगळं टाइप केलंय, कच्च्या डेटात जाऊन ते दुरुस्त करा आणि पिव्होट रिफ्रेश करून यादी परत पेस्ट करा.